काजूचा डबा, बिल आणि गल्ला: दुकानातली गळती नेमकी कुठे आहे ते कसं शोधावं

प्रश्न: म्हापशात आमचं किराणा आणि काजू-मसाल्यांचं दुकान आहे. तीन माणसं कामाला आहेत. त्यातले एक वडिलांच्या वेळेपासूनचे, त्यांना आम्ही मामा म्हणतो. विक्री बरी होते, पण काजू, तूप, महागडे साबण हिशेबात कमी भरतात आणि गल्लाही कधी जमत नाही. कॅमेरे लावू का? संध्याकाळी जाताना पिशव्या तपासू का? चोरी थांबायला हवी, पण मामांना किंवा मुलांना संशयाने वागवायचं नाही.

उत्तर:

पुढचे तीन-चार आठवडे ‘चोरी’ हा शब्द दुकानात तर नकोच, घरातही उच्चारू नका. तो एकदा कानावर गेला की मुलांच्या वागण्यात फरक पडतो, आणि मग तुम्हाला जे दिसेल ते खरं राहत नाही. शिवाय माल कमी भरतोय म्हणजे कोणीतरी नेतोय, हे अजून सिद्ध व्हायचं आहे. छोट्या दुकानांचे स्टॉक आणि गल्ले तपासणं हेच माझं काम, आणि त्यात पुन्हा पुन्हा दिसतं ते असं: माल पाच वाटांनी कमी होतो. आत येतानाच कमी येतो, सुटा माल पाकिटात भरताना जास्त जातो, घरची माणसं नोंद न करता उचलतात, घाईत बिल न होता विकला जातो, आणि पाचवी वाट चोरीची. महिनाअखेरीला या पाचही वाटांचा आकडा एकसारखाच दिसतो. म्हणून महिनाअखेरच्या आकड्यावरून कोणावरही बोट ठेवू नये.

सगळं दुकान मोजायला बसू नका. त्याने माणसं थकतात आणि मोजणी दोन आठवड्यांत बंद पडते. लहान, महाग आणि बाहेर लगेच विकले जातील असे दहा-बारा जिन्नस निवडा. तुमच्याकडे काजूची पाकिटं, तूप, बदाम, वेलची, ब्लेड आणि ते महागडे साबण पुरेत. रोज रात्री दुकान बंद करताना एवढेच मोजायचे. सवय झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. दोन नियम मात्र सोडू नका. एक, मोजणारा माणूस रोज बदलायचा, आणि त्यात तुम्ही स्वतःही यायचं. दोन, मोजणी आधी कागदावर लिहायची आणि मगच संगणकावरचा आकडा उघडायचा. समोर ‘२३’ दिसत असेल तर बावीस मोजलेला माणूसही तेवीस लिहितो. यात लबाडी असतेच असं नाही, मोजणाऱ्याला आपलंच चुकलं असं वाटतं.

आता एक उदाहरण आकड्यांसकट सांगतो, कारण तुमच्या दुकानाशी ते बरंच जुळतं. बाजारातल्या एका दुकानात ३२० नंबरचा काजू डब्यातून काढून २५० ग्रॅमच्या पाकिटांत भरत आणि थोडा सुटाही विकत. एका आठवड्यात मालकाच्या हिशेबात सव्वादोन किलो काजू कमी आला. किलोला हजाराच्या आसपास भाव धरला तर आठवड्याला सव्वादोन हजारांचं नुकसान. मालकाचा संशय पाकिटं भरणाऱ्या मुलावर होता.

आम्ही हिशेब दोन टप्प्यांत तोडला: डब्यापासून पाकिटापर्यंत एक, आणि पाकिटापासून बिलापर्यंत दुसरा. सुरुवातीला सुटा काजू ४ किलो होता, १० किलोचे दोन डबे आले, आठवड्याअखेरीला ३.४ किलो उरला. म्हणजे २०.६ किलो वापरला गेला. त्यातून ६० पाकिटं भरली, ती १५ किलोची. सुट्या विक्रीची बिलं ४.१ किलोची होती. एकूण १९.१ किलो. दीड किलोचा फरक याच टप्प्यात निघाला, म्हणजे पाकिटं कपाटात पोचण्याआधीच.

मग भरलेली पाकिटं तपासणी म्हणून पुन्हा वजनाला लावली. प्रत्येकात सरासरी पाच ग्रॅम काजू जास्त होता. कमी भरू नये म्हणून मुलगा शेवटी तीन-चार काजू वर टाकायचा. ६० पाकिटांचे ३०० ग्रॅम तिथे गेले. डब्यातले फुटलेले काजू वेगळे काढून तुकड्यांच्या बरणीत जात होते, आणि संगणकात तुकड्याचा कोड वेगळा. अख्ख्या काजूतून वजा आणि तुकड्यात जमा अशी नोंद कोणीच करत नव्हतं. बरणीत ७०० ग्रॅम जास्त सापडले. दारावर येणाऱ्या पर्यटकांना चव बघायला जो काजू देतात, तो मोजला तर आठवड्याला ३०० ग्रॅम. हे झाले १.३ किलो. उरलेले २०० ग्रॅम वीस किलोच्या व्यवहारात सुटं वजन करताना जाऊ शकतात, त्यामागे लागण्यात अर्थ नाही.

दुसरा टप्पा पाकिटांचा. आधीची १२, नवीन भरलेली ६०, उरलेली ९. म्हणजे ६३ पाकिटं कपाटातून गेली, बिलं मात्र ६० ची. तीन पाकिटं, पाऊण किलो. संशय घ्यायचाच तर तो एवढ्यापुरता होता, सव्वादोन किलोचा नव्हता. इथे एक खूण लक्षात ठेवा: भरताना किंवा वजनात होणारी गळती सुट्या ग्रॅममध्ये दिसते. पाकिटं मात्र एक, दोन, तीन अशी अख्खी जातात. म्हणून सुटा माल आणि पाकीटबंद माल एकाच किलोच्या आकड्यात कधी मिसळू नये.

तीन पाकिटं कुठे गेली हे रोजच्या मोजणीने सांगितलं. सहा दिवस फरक शून्य, तिन्ही शुक्रवारी. म्हापशाच्या शुक्रवारी बाजाराला सकाळी गर्दी किती असते ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसाचा यूपीआयचा जमा तपशील काढून बिलांशी एकेक ओळ लावली. २६० रुपयांच्या दोन रकमा अशा होत्या की त्यांना बिलच नव्हतं. पैसे मालकाच्याच खात्यात आले होते. गर्दीत गिऱ्हाइकाने क्यूआर स्कॅन केला, साउंडबॉक्स बोलला, मुलाने पाकीट हातात दिलं आणि बिल ‘मागाहून करू’ म्हणून राहून गेलं. एक पाकीट शेवटपर्यंत सापडलं नाही. मालक आठवड्याला सव्वादोन हजारांची चोरी म्हणत होता, आणि उत्तर न मिळालेली गोष्ट होती एक पाकीट, २६० रुपये.

त्या दुकानात मग चार बदल केले. काट्यावर रिकामी पिशवी ठेवून शून्य करायचं आणि २५० ते २५२ ग्रॅममध्ये थांबायचं. त्याखाली कधीच जायचं नाही, कारण छापलेल्या वजनापेक्षा कमी भरणं वजनमापे कायद्याला चालत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षीची पडताळणी आणि शिक्का चुकवू नका, जुना काटा स्वतःच पाच-सहा ग्रॅम खाऊ शकतो. डबा फोडला की तुकडा वजन करून त्याच वेळी कोड बदलायचा. चवीचा काजू सोमवारी ३०० ग्रॅम बरणीत काढून ‘नमुना’ म्हणून लिहायचा. आणि शुक्रवारी संगणकाशेजारी छापील क्रमांकांचं बिलबुक ठेवायचं. संगणकावर रांग लागली की हाताने पावती, रात्री त्या पावत्या संगणकात, क्रमाने. छापील क्रमांक असल्यामुळे राहिलेली पावती लपत नाही. या चारांपैकी एकही बदल कोणावर संशय घेत नाही, आणि तरीही पुढच्या महिन्यात जे काही कमी भरेल ते बरंच स्वच्छ दिसेल.

खरी लबाडी असते तेव्हा ती बहुतेक गल्ल्यावर, बिलाच्या आसपास होते. कपाटातून पाकीट खिशात घालण्यापेक्षा ते सोपं आणि कमी जोखमीचं आहे. सगळ्यात ओळखीचा प्रकार रद्द बिलाचा. गिऱ्हाईक रोख देऊन जातं, पावती मागत नाही, मग बिल रद्द होतं आणि तेवढी रोकड बाजूला जाते. माल गेलेला असतो, म्हणून तो मोजणीत कमी येतो, आणि गल्ला मात्र अगदी बरोबर जमतो. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून रद्द झालेल्या बिलांची महिन्याची यादी काढा आणि तीन गोष्टी बघा: ती फक्त रोखीचीच आहेत का, ठरावीक वेळेलाच होतात का, आणि एकाच माणसाच्या लॉगिनवरून का. खऱ्या चुका यूपीआयच्या बिलांतही होतात आणि सगळ्यांकडून होतात. दहा रद्द बिलं, दहाही रोखीची, दहाही तुम्ही जेवायला घरी गेल्यावरची, असं असेल तर ते योगायोगाने होत नाही. बिल रद्द न करता ‘होल्ड’वर ठेवून नंतर पुसणं हीही त्याचीच बहीण. तीही यादी काढा.

उपाय साधा आहे. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, चवथीच्या किंवा नाताळच्या गर्दीत पंधरा दिवसांसाठी आलेल्या मुलाचंसुद्धा. बिल रद्द करायला दुसऱ्या माणसाचा पिन लागेल आणि रद्द केलेली पावती दोघांच्या सहीने खिळ्याला लागेल. कर बिलांचे क्रमांक सलग असणं जीएसटीच्या नियमानेही गरजेचं आहे, त्यामुळे ‘क्रमांक का तुटला’ हे विचारायला तुम्हाला कोणाचा अपमान करावा लागत नाही. दोघांचा पिन ही सोय प्रामाणिक माणसाच्या जास्त कामाची आहे. मामांनी उद्या खरोखर चुकलेलं बिल रद्द केलं, तर त्यांच्याबरोबर साक्षीदार असेल.

गल्ल्याबद्दल सांगतो, कारण तिथे बहुतेक मालक उलटं वागतात. सकाळी ठरलेली सुटी रक्कम, समजा २,००० रुपये, ठेवून सुरुवात करा. रात्री गल्ल्यावर बसलेल्या माणसाने आधी रोकड मोजून कागदावर लिहायची आणि मग विक्रीचा आकडा उघडायचा. मालक कमी आलेल्या पैशांवरून बोलतात आणि जास्त आले की खूश होतात. गल्ल्यात दीडशे रुपये जास्त निघाले तर ते कमी निघण्याइतकेच महत्त्वाचे आहेत. कुठेतरी गिऱ्हाइकाला सुटे कमी गेले, किंवा बिल न करता विक्री झाली आणि ती रक्कम अजून उचलायची राहिली. आणि रोज, महिनाभर, पैशापैशाला गल्ला जमत असेल तर तोही बघा. माणूस हाताने सुटे देतो घेतो, दहा-वीस रुपये इकडेतिकडे होणारच. रोज शून्य फरक येतो तेव्हा कोणीतरी बाजूला एक डबी ठेवून त्यातून भर घालत असतं. बहुतेक वेळा ते भीतीनेच, कारण कमी आले की पगारातून कापतात. म्हणून सांगून टाका: वीस रुपयांपर्यंतच्या फरकावर प्रश्न नाही, फक्त खरा आकडा लिहा. खोटा जमलेला गल्ला तुमच्या काहीच उपयोगाचा नाही.

तुमचं उधारीचं खातंही असणार, गावातली घरं महिन्याचा माल वहीवर नेतात. तिथे दुकान आणि गिऱ्हाईक दोघांनाही महिनोन्महिने पत्ता लागत नाही असा प्रकार होतो. एका घराने दिलेले रोख पैसे खिशात जातात आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घराचे आलेले पहिल्याच्या नावावर लिहिले जातात. खूण अशी की खाती सगळी चालू दिसतात, पण प्रत्येकाची भरणा तारीख हळूहळू पुढे सरकते. महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक खातेदाराला शिल्लक रकमेचा मेसेज तुमच्या स्वतःच्या फोनवरून पाठवा. पैसे घेणारा आणि शिल्लक कळवणारा माणूस वेगळा असला की हा प्रकार टिकत नाही.

माल आत येतो तिथे थोडक्यात एवढंच: गाडी उतरवताना बिलावर सही करण्याआधी खोकी मोजा, आणि दहावर एक फुकट अशा स्कीमचा माल बिलात दिसतो का आणि प्रत्यक्षात आला का ते बघा. स्कीमचा माल संगणकात चढलाच नाही तर तो कोणी नेला तरी तुमच्या हिशेबात कमी येत नाही, त्यामुळे तो कधी सापडतही नाही.

आता घरच्यांबद्दल. तुमच्याकडे तूप आणि साबण कमी भरतात असं लिहिलं आहे. हे दोन्ही घरात लागणारे जिन्नस आहेत, म्हणून पहिला प्रश्न तुमच्या कुटुंबालाच. वहिनी, भाऊ, आई-बाबा, कोणी दुकानातून काही नेतात का? गल्ल्यातून पेट्रोलला पाचशे काढता का? ‘घरखर्च’ या नावाने एक खातं उघडा आणि घरात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं बिल त्या खात्यावर करा, तेही मुलांच्या समोर. तुम्ही स्वतः तुपाच्या बाटलीचं बिल केलेलं मामांनी पाहिलं की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. मालक नोंद न करता उचलतो त्या दुकानात कामगाराला नोंदीचा आग्रह धरता येत नाही, आणि धरला तर त्याला तो अपमान वाटतो. बरोबरच वाटतो.

तसंच कामाला असलेल्यांना दुकानातला माल खरेदीच्या भावात घेता येईल, महिन्याला ठरावीक रकमेपर्यंत, पगारातून वळता होईल, असं लिहून ठेवा. बिल मात्र दुसऱ्याने करायचं. शाळा उघडताना आणि चवथीच्या आधी उचल मागितली जाते, तिचाही नियम आधीच ठरवा. मी जी छोटी चोरी पाहिली आहे तिची सुरुवात पुष्कळदा अशाच महिन्यात झाली आहे, जेव्हा मागितलेली उचल मिळाली नव्हती.

कॅमेरा लावा, पण एकच, गल्ला आणि काटा दिसेल असा, आणि तो कुठे आहे आणि काय टिपतो हे सगळ्यांना दाखवून. तासन्‌तास चित्रण बघत बसण्यासाठी तो नाही. मोजणीने ‘शुक्रवार, सकाळी दहा ते बारा’ असं सांगितलं की तेवढेच दोन तास बघायचे. कपडे बदलतात किंवा जेवतात तिथे कॅमेरा नको. पिशव्यांची झडती मी तुम्हाला करू नका असंच सांगेन. रोजची झडती घेणाऱ्याला थोड्याच दिवसांत लाज वाटू लागते आणि तो वरवर बघतो, आणि ज्याची झडती होते तो ते विसरत नाही. त्याऐवजी पिशव्या, डबे, छत्र्या ठेवायला गल्ल्याच्या बाहेर एक फळी द्या. तिथे तुमचीही पिशवी ठेवा. मालाच्या खोलीत कोणाचीच पिशवी जाणार नाही, एवढा नियम पुरे.

हे सगळं सुरू करताना तिघांना एकत्र बसवून सांगा, मामांना आदल्या दिवशी वेगळं. त्यांना आधी सांगितल्याने ते तुमच्या बाजूचे राहतात आणि मुलांना त्यांच्याकडून कळतं. बोलताना आकडा दाखवा: ‘मामा, गेल्या महिन्यात काजू एवढा कमी भरला, कुठे जातो ते मला कळत नाही, मोजणी लावूया.’ पहिल्या दिवसाची मोजणी मामांच्या हातून करा. जुन्या माणसाला बहुतेक वेळा माहीत असतं की गळती कुठे आहे. त्याला कोणी विचारलेलं नसतं.

आणि सगळं करूनही आकडे एकाच माणसाकडे बोट दाखवत असतील, तर दुकान बंद झाल्यावर, एकट्याला, कागद समोर ठेवून विचारा. प्रश्न ‘हे तू केलंस का’ असा नको. ‘ही सात बिलं रद्द झाली, माल परत कपाटात आला नाही, काय झालं होतं?’ असा विचारा आणि गप्प बसा. कधी कधी उत्तर खरंच असतं: माल बदलून दिला, नवीन बिल दुसऱ्या कोडवर झालं. ते तिथल्या तिथे संगणकात तपासता येतं. उत्तर नसेल तरी त्या रात्री काही ठरवू नका. पगारातून परस्पर कापणं तर मुळीच नको. वेतनाचा कायदा सांगतो की ताब्यात दिलेल्या मालाचं किंवा पैशाचं नुकसान थेट त्या माणसाच्या चुकीमुळे झालं असेल तरच कपात करता येते, नुकसानाच्या रकमेपेक्षा जास्त नाही, आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सगळ्यांच्या पगारातून समान वाटून कापणं हे प्रामाणिक दोघांना शिक्षा देणं आहे, आणि ते दोघेच आधी सोडून जातात. दमदाटी करून कबुली लिहून घेऊ नका, ती तुमच्यावरच उलटते. रक्कम मोठी असेल आणि कागद पक्के असतील तर पोलिसांत तक्रार करता येते. भारतीय न्याय संहितेत नोकराने मालकाच्या ताब्यातल्या मालाची चोरी करण्याला कलम ३०६ आहे, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पण बहुतेक छोट्या दुकानांत शेवट वेगळा होतो: तो माणूस कबूल करतो, हप्त्याने फेडतो, आणि एक तर गल्ल्यावरून हलवला जातो किंवा महिना पुरा करून जातो. कोणता मार्ग घ्यायचा हे तुम्ही ठरवा, फक्त बाजारात त्याचं नाव घेऊ नका.

जो माणूस जातो, कुठल्याही कारणाने, त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद करा, रद्द बिलाचा पिन बदला, त्याच्या फोनवर दुकानाचं यूपीआय ॲप असेल तर काढा, आणि गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर स्वतः स्कॅन करून एक रुपया पाठवून बघा की तो तुमच्याच खात्यात येतो. आणि न सापडलेला माल हिशेबातून काढून टाकायच्या आधी तुमच्या अकाउंटंटला सांगा. तुम्ही कंपोझिशनमध्ये नसाल तर हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं. दर महिन्याला थोडं थोडं केलं तर ते जड जात नाही.